जागा आहे, जाहिरात नाही. आणि आपण साहेबांच्या दारात!

परवा सकाळी चहाच्या टपरीवर ओळखीचे एक काका भेटले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पोराची फाइल. म्हणाले, "भाऊ, तुमची ओळख आहे. साहेबांचं एक पत्र काढून द्या. पोरगं दोन वर्षं झाली, घरीच बसून राहिलं." मी विचारलं, कोणत्या कंपनीत? "कोणत्याही." काम काय? "कोणतंही." जागा निघाली आहे का? काका म्हणाले, "जाहिरात निघाली असती तर अर्जच केला नसता का? नाही निघाली, म्हणून तर पत्र पायजे."

हे शेवटचं वाक्य डोक्यात बसलं. आपल्याकडे यावल-रावेर पट्ट्यात ही पक्की समजूत आहे: जाहिरात आली तर अर्ज, नाही आली तर पुढारी. तिसरा रस्ताच नाही. मी काही सोवळा नाही. अठरा वर्षांच्या बातमीदारीत अशी चार-पाच पत्रं मीही काढून दिली आहेत. एकाचंही काम झालं नाही. का झालं नाही, हे मला एका कारखान्याच्या मॅनेजरनं सांगितलं. नाव छापायचं नाही या अटीवर बोलला, म्हणून नाव नाही.

तो म्हणाला, "माझ्याकडं वर्षाला सात-आठ जागा रिकाम्या होतात. एकाचीही जाहिरात मी देत नाही. दिली की पहिल्या दिवशी बायोडाटांचा ढीग आणि दुसऱ्या दिवसापासून फोन. अमुक साहेबांचा माणूस, तमुक अण्णांचा भाचा. एकाला घेतलं तर नऊ जण नाराज. त्यापेक्षा आहे त्याच कामगाराला विचारतो, तुझ्या ओळखीचं कुणी आहे का. गपचूप भरतो."

नीट वाचा. जाहिरात निघत नाही म्हणून आपण पुढाऱ्याकडे जातो, आणि पुढाऱ्यांचे फोन येतात म्हणून जाहिरात निघत नाही. हे चक्र आपणच फिरवतोय.

यात मॅनेजरही काही धुतल्या तांदळाचा नाही. १९५९ साली केंद्राचा कायदा झाला. २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेनं रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला, कळवायच्या. काही कामं वगळली होती, जसं तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काम. पण त्याच कायद्यात असंही लिहिलं होतं की कळवायचं बंधन आहे, तिथूनच माणूस घ्यायचं बंधन नाही. म्हणजे पळवाट कायद्यानंच ठेवली. आता हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. किती कारखाने मनापासून कळवतात, हे जळगावच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, तो फक्त हसेल. त्यावर वेगळं लिहीन. आज मुद्दा हा की जागा आहेत, त्या दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या जागेचं दार ठोठावायची एक सरळ रीत आहे. जो माणूस कामाला घेणार, त्याला थेट मेल लिहायचा.

लगेच कुणीतरी सुधा मूर्तींच्या पोस्टकार्डाची गोष्ट सांगेल. ती गोष्ट चांगली आहे, पण ती ही नव्हे. १९७४ मध्ये टेल्कोची जाहिरात लागली होती. स्त्रियांनी अर्ज करू नये असं तिच्यात लिहिलं होतं, आणि त्याविरुद्ध त्यांनी जेआरडींना लिहिलं. आपला प्रश्न जाहिरातच नसण्याचा आहे. त्याला जवळचं उदाहरण रामानुजनचं. गणितातला तो महामाणूस ९ फेब्रुवारी १९१२ ला मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसाला पत्र लिहितो. तुमच्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचं समजलं, मी मॅट्रिक आहे, पुढचं शिक्षण काही कारणांनी राहिलं, सगळा वेळ गणितात घालवला आहे, हे काम मी नीट करीन. एवढंच. १ मार्चला तो महिना ३० रुपयांवर कामाला लागला. शिफारस त्याच्याकडेही होती. पण ती मिडलमास्ट नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाची होती. गणितवाल्या माणसानं गणिताबद्दल दिलेली. आपल्या साहेबांच्या पत्रात "सदर उमेदवार माझ्या परिचयाचा असून होतकरू आहे" एवढंच असतं. साहेबांनी त्या पोराला काम करताना कधी पाहिलं? पोराचं नावसुद्धा पीएनं टाइप केलेलं असतं.

आता आपल्याच भागातली गोष्ट सांगतो. मुलीचं आणि लॅबचं नाव देत नाही, दोघांनीही तसं सांगितलं आहे. मुलगी फैजपूरजवळच्या खेड्यातली, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. वडिलांची केळी. एका संस्थेत लॅब असिस्टंटच्या जागेसाठी त्यांच्याकडे दोन लाख मागितले गेले होते. वडील शेताचा तुकडा गहाण टाकायला निघाले होते. मुलगी म्हणाली, थांबा.

आधी तिनं सगळे करतात तेच केलं. सायबर कॅफेत बसून चाळीस कंपन्यांना एकच मेल पाठवला. चाळीसही पत्ते एकाच रकान्यात, प्रत्येकाला बाकीचे एकोणचाळीस दिसतायत. बहुतेक पत्ते `info@` चे, जे कंपनीत क्वचितच कुणी उघडतं. मजकूर, "रिस्पेक्टेड सर/मॅडम, मला आपल्या नामांकित कंपनीत कोणत्याही पदावर संधी द्यावी." सोबत मार्कशीटं, आधार, पॅन. आणि मेल गेला कॅफेवाल्याच्या आयडीवरून. म्हणजे उत्तर आलंच असतं तरी कॅफेवाल्याला आलं असतं! चाळीस मेलांना उत्तरं शून्य. ती समजली, मेलनं काही होत नाही.

मेलनं होतं. असल्या मेलनं होत नाही. वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. "कोणतंही काम" म्हणणाऱ्याला काय काम द्यायचं, हे त्यानंच शोधायचं. त्याला तेवढा वेळ असता तर त्यानं जाहिरातच दिली नसती का?

दुसऱ्यांदा तिनं यादी नऊवर आणली. तीन टिश्यू कल्चर लॅब, बाकी खाद्य प्रक्रियेच्या आणि पाणी तपासणीच्या. जिला यश आलं ती टिश्यू कल्चरची, म्हणून तिचंच सांगतो.

पहिलं काम, लिहायचं कुणाला? एचआरला नाही. एचआर ठरलेल्या जागा भरतं, नवी जागा काढत नाही. लिहायचं त्याला, ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार आणि माणूस कमी पडला की ज्याची झोप उडते. लॅबमध्ये तो म्हणजे लॅब इन्चार्ज. वडिलांनी त्याच लॅबची रोपं घेतली होती, पावतीवर ऑफिसचा नंबर होता. तिनं फोन करून सरळ विचारलं, "लॅबचं काम कोण बघतं? त्यांना एक नोंद पाठवायची आहे, मेल सांगाल का?" फोनवरच्या बाईंनी सांगितला. इतकं सोपं. जिथं असं कुणी सांगत नाही, तिथं कंपनीतल्या दुसऱ्या एखाद्याचा पत्ता वेबसाइटवर दिसतो, त्यात नाव-आडनाव कसं मांडलंय ते बघून साहेबाचा पत्ता जुळवता येतो. चुकला तर बहुधा मेल पाच मिनिटांत परत येतो. एक-दोन परत आले तर बिघडत नाही. पण अंदाजानं पन्नास पत्ते मारत सुटलात तर तुमचाच आयडी स्पॅममध्ये जायला लागतो.

दुसरं, केव्हा लिहायचं? आपल्याकडे मृगबागेची लागण जून-जुलैत. ती रोपं त्याआधी दोन-तीन महिने शेडनेटमध्ये कणखर केली जातात, आणि त्याच्याही आधी बाटल्यांत वाढवलेली असतात. म्हणजे लॅबवर खरा ताण हिवाळ्याच्या शेवटी सुरू होतो. मे महिन्यात मेल पाठवला तर गाडी सुटलेली. तिनं जानेवारीत पाठवला. प्रत्येक धंद्याला असा हंगाम असतो, आणि तो आपल्या भागातल्या पोरांना मुंबई-पुण्याच्या पोरांपेक्षा जास्त कळतो.

आता मेल. तिच्या परवानगीनं देतो.

विषय: मृगबागेच्या रोपांसाठी लॅबमध्ये काम – एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, फैजपूरजवळ

"नमस्कार सर,

मागच्या मृगाला वडिलांनी तुमच्याकडून ३,००० रोपं घेतली. लागणीनंतर महिनाभर मी शेतात मोजणी ठेवली. ५८ रोपं गेली, म्हणजे शंभरात दोनही नाहीत. पण त्यातली ४१ फक्त दोन क्रेटमधली होती. एक पानाची नोंद जोडली आहे.

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आहे. माध्यम बनवणं, ऑटोक्लेव्ह आणि लॅमिनार फ्लोवर दीड वर्ष काम केलं आहे. माझा प्रोजेक्ट झाडाच्या आत राहणाऱ्या जिवाणूंवर होता.

तुमच्याकडे जागेची जाहिरात नाही हे माहीत आहे. पण आता हंगामाचं काम वाढेल. खराब होणाऱ्या बाटल्यांची बॅचनुसार आणि टेबलनुसार रोजची नोंद मी ठेवू शकते.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी किंवा गुरुवारी पंधरा मिनिटं लॅबवर येऊन भेटू का?"

खाली नाव, गाव, मोबाइल. संपलं.

यात काय आहे ते बघा. पहिल्या ओळीत विनंती नाही, बातमी आहे. आणि ती अशी बातमी, जी त्या माणसाला दुसऱ्या कुणी दिली नसती, कारण शेतकरी रोपं मेली की शिव्या देतो, मोजणी देत नाही. ४१ रोपं दोनच क्रेटमधली, याचा अर्थ लॅबवाल्याला लगेच कळतो. दोष सगळ्या मालात नाही, एखाद्या बॅचमध्ये किंवा वाहतुकीत आहे, आणि तो शोधता येईल.

बाटल्यांचा मुद्दाही हवेतला नाही. केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये बुरशी आली तर काही दिवसांत डोळ्यांना दिसते आणि बाटली फेकता येते. झाडाच्या आत दडलेले जिवाणू मात्र अनेकदा दोन-तीन वेळा रोप नव्या बाटलीत हलवल्यानंतर बुडाशी दुधाळ धुक्यासारखे दिसतात. तोवर एका बाटलीच्या अनेक बाटल्या झालेल्या असतात आणि कामही फुकट गेलेलं असतं. म्हणून कोणत्या बॅचची, कोणत्या टेबलावरची बाटली खराब होते ही नोंद सोन्यासारखी. पण हंगामात ती ठेवायला कुणाला फुरसत नसते. तिनं "नोकरी द्या" म्हटलं नाही. अडलेलं काम दाखवलं आणि ते करते म्हणाली. इथं जागा निर्माण होते.

मागणीही लहान आहे, पंधरा मिनिटांची. नोकरीला हो म्हणायला मालकाची परवानगी लागते, पंधरा मिनिटांना लागत नाही.

आणि हो, मेल मराठीत होता. लॅब इन्चार्ज इथलाच, शेतकऱ्याचा मुलगा. इंग्रजी येत नाही म्हणून मेल लिहीत नाही, हे कारण निदान जळगाव जिल्ह्यात तरी मला सांगू नका. पुण्या-मुंबईच्या किंवा परप्रांतीय साहेबाला लिहायचं असेल तर साध्या इंग्रजीत लिहा, पण गाइडमधून उतरवलेल्या इंग्रजीत नको.

पुढं काय झालं? आठ दिवस काहीच नाही. इथं बहुतेक पोरं हात टेकतात किंवा रोज एक मेल टाकून समोरच्याला वैताग आणतात. तिनं आठव्या दिवशी त्याच मेलच्या खाली तीन ओळी लिहिल्या. त्यात "सर, माझा मेल पाहिला का" नव्हतं, नवं काहीतरी होतं. त्या दोन क्रेटमधली जगलेली रोपं बाकीच्यांपेक्षा बुटकी राहिली, त्याचं माप. अकराव्या दिवशी एक फोन केला. इन्चार्ज म्हणाला, "मेल वाचला होता, राहून गेलं. गुरुवारी या." दोन दिवस काम करून बघितलं आणि जूनअखेरपर्यंत ठेवलं. नंतर सहा महिने वाढवले. पगार फार नाही, कायमची ऑर्डर अजून नाही. हे लपवत नाही. बाकी आठ मेलांपैकी दोघांनी "आत्ता गरज नाही" कळवलं, सहा जण गप्प. रामानुजनलाही केंब्रिजमधल्या दोघांकडून काही मिळालं नाही, मग हार्डीनं उत्तर दिलं. गप्प राहणं म्हणजे नकार समजायचा आणि दोनदा लिहून पुढं जायचं. तिसरा मेल टाकायचा नाही.

आता कुणी म्हणेल, भाऊ, तिच्याकडे एम.एस्सी. होती. आमचं पोरगं आयटीआय, डिप्लोमा. त्यांच्यासाठी तर आणखी सोपी मागणी आहे. अॅप्रेंटिस. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरतात. शंभर माणसांच्या प्लॅस्टिक पाइपच्या कारखान्यानं किमान दोन-तीन पोरं घ्यायलाच हवीत. मेन्टेनन्सच्या साहेबाला लिहा, "मी फिटर आहे, एक्स्ट्रूडरवर इतके महिने काम पाहिलंय, अॅप्रेंटिस म्हणून घ्याल का? पोर्टलवर माझी नोंदणी झालेली आहे." असं लिहिणारा भीक मागत नाही. साहेबाच्या डोक्यावरचं एक बंधन कमी करतो.

आणि जिथं हा रस्ता अजिबात नाही, तेही सांगतो. सरकारी खातं, नगरपालिका, जिल्हा परिषद, महामंडळ. तिथं जाहिरातीशिवाय जागा म्हणजे पाप समजा. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं १० एप्रिल २००६ ला उमादेवी खटल्यात स्पष्ट सांगितलं की खुली स्पर्धा टाळून मागच्या दारानं आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. तरी आपल्याकडे "आत्ता रोजंदारीवर लावतो, पुढं कायम करतो" म्हणून पैसे घेतले जातात. घेणारा चोर आहेच, पण देणाऱ्या बापाला हा निकाल कुणी सांगत नाही. खाजगीतही एक खूण ध्यानात ठेवा. मेलला उत्तर आलं आणि त्यात रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी किंवा युनिफॉर्मचे पैसे मागितले, तर ती नोकरी नाही, सापळा आहे. म्हणूनच पहिल्या मेलसोबत आधार-पॅन कधीच जोडायचं नाही.

मला माहीत आहे, मेलनं कारखाने उभे राहत नाहीत. जिथं जागाच नाही तिथं कितीही सुंदर लिहा, उपयोग शून्य. जिल्ह्यात नवा उद्योग का येत नाही, हा प्रश्न पुढाऱ्यांना विचारायचाच आहे, आणि खरं तर त्यांच्या दारात जायचं कारण तेच असायला हवं. "माझ्या पोराला पत्र द्या" म्हणून गेलेला माणूस हा प्रश्न विचारूच शकत नाही. तो आधीच मिंधा झालेला असतो. पत्राला साहेबांचा कागद आणि शाई सोडून खर्च काही येत नाही, आणि बदल्यात पाच वर्षं तुमच्या घरातली सगळी मतं. एवढा स्वस्त सौदा ते का सोडतील? पण आपण का करतोय?

काकांना पत्र दिलं नाही. पोराला संध्याकाळी घरी बोलावलं. दोन वर्षं घरी बसलं म्हणतात ते पोरगं काय करत होतं माहीत आहे? गावातले सबमर्सिबल पंप दुरुस्त करत होतं. गेल्या उन्हाळ्यात किती केले, कोणत्या कंपनीचा कोणता भाग सारखा जळतो, हे त्याला तोंडपाठ. फाइलमध्ये यातली एक ओळ नव्हती. फाइलमध्ये होतं, "मी प्रामाणिक व कष्टाळू आहे."

आता आम्ही त्याचा मेल लिहितोय, एका पंप कंपनीच्या सर्व्हिस मॅनेजरला. फैजपूर, सावदा, यावल, रावेर इकडच्या आणखी कुणाला लिहायचा असेल तर कच्चा मजकूर घेऊन या. लाल पेनानं कापून देईन. साहेबांचं पत्र मात्र मागू नका, ते दुकान मी बंद केलं.